पाण्याचा प्रवाह घटला की क्रॉस-फ्लो कॉइलचे गणित का बिघडते: गरम पाण्यावर हवा तापवणाऱ्या एक्स्चेंजरसाठी समस्या निवारण

सोलापुरात अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल आणि चादरींच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये वाळवणीच्या खोलीसाठी गरम पाण्याची कॉइल बसवलेली असेल, तर तिच्याविषयी एक तक्रार ठरावीक काळाने परत परत येते. ब्लोअर चालू आहे, बॉयलरचे पाणी ९० अंशांवर आहे, संगणकावरील शीट सांगते की कॉइलमधून बाहेर पडणारी हवा ६८-६९ अंशांची असावी, आणि डक्टमधील थर्मामीटर मात्र ५९ अंशांच्या वर जात नाही. मग कोणी थर्मामीटर बदलतो, कोणी कॉइल कमकुवत झाली असे म्हणतो, आणि काही दिवसांनी पाण्याच्या लाइनवरील स्ट्रेनर साफ केल्यावर शीटमधील आकडा आणि थर्मामीटर पुन्हा जुळू लागतात. आकडे जुळले की शीटकडे कोणी पाहत नाही, आणि पुढच्या वेळी स्ट्रेनर तुंबला की तीच तक्रार नव्याने सुरू होते.

येथे दोष दोन असतात आणि ते एकाच वेळी समोर येतात. एक यंत्रणेतील, म्हणजे घटलेला पाण्याचा प्रवाह, आणि दुसरा गणितातील. गणितातील दोष असा की शीट तयार करणाऱ्याने हवेलाच कायम ‘किमान’ बाजू, म्हणजे एका अंशाने तापायला किंवा थंड व्हायला कमी उष्णता लागणारा प्रवाह, धरलेले असते. पुरेसे पाणी वाहत असते तोपर्यंत हे गृहीत खरे ठरते आणि म्हणूनच चूक झाकलेली राहते.

मुळातील गणित

कॉइलच्या नळ्यांतून पाणी जाते आणि नळ्यांवरील पातळ फिनांच्या फटींतून हवा आडवी वाहते. प्रत्येक नळीतील पाणी त्या नळीतच राहते, आणि दोन फिनांमधील हवा शेजारच्या फटीतील हवेत मिसळत नाही. दोन्ही प्रवाह ‘अमिश्रित’ आहेत असे म्हणतात ते याच अर्थाने. अशा एक्स्चेंजरची परिणामकारकता, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली उष्णता आणि तात्त्विकदृष्ट्या मिळू शकणारी जास्तीत जास्त उष्णता यांचे गुणोत्तर, काढण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे सूत्र पुढील शीटच्या ओळींत चौथ्या क्रमांकावर आहे.

```
Cmin = MIN(Ca, Cw)
Cr   = Cmin / MAX(Ca, Cw)
NTU  = UA / Cmin
eps  = 1 - EXP((NTU^0.22/Cr)*(EXP(-Cr*NTU^0.78)-1))
Q    = eps * Cmin * (Twi - Tai)
Tao  = Tai + Q/Ca
Two  = Twi - Q/Cw
```

यात Ca आणि Cw हे हवेचे व पाण्याचे उष्णता-क्षमता दर आहेत, म्हणजे वस्तुमान प्रवाह गुणिले विशिष्ट उष्मा. Tai आणि Twi ही आत येणाऱ्या हवेची व पाण्याची तापमाने, Tao आणि Two ही बाहेर पडणारी. UA हा कॉइलचा एकूण उष्णता-वहनांक गुणिले क्षेत्रफळ, आणि NTU म्हणजे एनटीयू हे किमान प्रवाहाच्या मानाने कॉइल किती मोठी आहे याचे माप. eps ही परिणामकारकता आणि Q ही मिळालेली उष्णता. सूत्र अंदाजी आहे, परंतु अशा कामात मोजमापातच जी अनिश्चितता असते तिच्यापुढे सूत्राची त्रुटी नगण्य ठरते.

या सात ओळींत `Cmin` तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरला जातो: गुणोत्तरात, एनटीयूमध्ये आणि उष्णतेत. चुकीच्या शीटमध्ये बहुधा पहिली दोन ठिकाणे बरोबर असतात, कारण तेथे `MIN` लिहिण्याची सवय असते. तिसऱ्या ठिकाणी मात्र `Q = eps * Ca * (Twi - Tai)` असे लिहिलेले आढळते, किंवा उष्णतेची पायरीच गाळून `Tao = Tai + eps * (Twi - Tai)` असे थेट लिहिलेले असते. पाठ्यपुस्तकातील अनेक उदाहरणांत हवाच किमान असते, त्यामुळे हे लघुरूप विद्यार्थ्यांच्या हातात सहज बसते आणि कारखान्यापर्यंत येते.

पुरेसे पाणी असताना

गणितासाठी मध्यम आकाराच्या कॉइलचे आकडे घेऊ. ब्लोअर सेकंदाला २ घनमीटर हवा ३२ अंशांवर खेचतो. येथे एक स्थानिक बाब ध्यानात घ्यावी लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल असतो आणि ३२ अंशांवरील हवेची घनता घनमीटरला १.१० किलोच्या आसपास येते, तक्त्यातून सवयीने उचलली जाणारी १.२० नव्हे. त्यानुसार वस्तुमान प्रवाह सेकंदाला २.१९ किलो आणि हवेचा दर २.२१ किलोवॅट प्रति केल्विन. घनता १.२० धरली असती तर हाच दर २.४२ झाला असता आणि बाहेरच्या हवेचे उत्तर सुमारे २ अंशांनी खाली आले असते. चूक मोठी नाही, पण कारण नसताना ती करण्यातही अर्थ नाही.

पाणी ९० अंशांवर मिनिटाला सुमारे ५० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.८ किलो वाहते, म्हणून पाण्याचा दर ३.३६. कॉइलचा यूए २.८ किलोवॅट प्रति केल्विन धरू. येथे हवा किमान आहे, गुणोत्तर ०.६५८ आणि एनटीयू १.२७ येतो. सूत्रात घातल्यावर परिणामकारकता ०.५८३ मिळते. दोन्ही प्रवाहांच्या आत येतानाच्या तापमानांतील फरक ५८ अंश असल्यामुळे उष्णता ०.५८३ गुणिले २.२१ गुणिले ५८, म्हणजे सुमारे ७४.८ किलोवॅट. हवा ३३.८ अंशांनी तापून ६५.८ अंशांवर बाहेर पडते आणि पाणी २२.२ अंशांनी थंड होऊन ६७.८ अंशांवर परत जाते.

हे उत्तर विश्वासार्ह आहे की नाही, हे तपासण्याचा एक चांगला मार्ग असा की त्याच एनटीयू आणि गुणोत्तरासाठी समांतर प्रवाहाची, म्हणजे हवा आणि पाणी एकाच दिशेने वाहतात तेव्हाची, व प्रतिप्रवाहाची, म्हणजे ती विरुद्ध दिशांनी वाहतात तेव्हाची, परिणामकारकता काढून पाहावी. येथे त्या अनुक्रमे ०.५२९ आणि ०.६१३ येतात. क्रॉस-फ्लोचे उत्तर या दोन आकड्यांच्या मध्येच असले पाहिजे, आणि ०.५८३ तसे आहे. सूत्रात चिन्हाची किंवा कंसाची चूक असेल तर ती येथेच उघडी पडते.

घातांकाची एक चूक मात्र या चाचणीतूनही निसटते. हेच सूत्र काही पुस्तकांत वेगळ्या रूपात येते. त्यात NTU चा −०.२२ घातांक असलेला एक सहगुणक आधी काढून घेतात आणि तो आतल्या घातांकात गुणाकाराला व बाहेर भागाकाराला वापरतात. दोन्ही रूपे सारखीच आहेत, परंतु या दुसऱ्या रूपातील उणे चिन्ह विसरून ०.२२ घेतले, तर वरील उदाहरणात उत्तर ०.५८३ ऐवजी ०.५७० येते. फरक एवढा थोडा की कोणालाही शंका येत नाही, कारण एनटीयू १ च्या जवळ असताना त्याचा कोणताही घात १ च्या जवळच राहतो. हीच शीट एनटीयू ३ असलेल्या कॉइलसाठी वापरली की ०.७८२ च्या जागी ०.६६६ दिसते. म्हणून नवी शीट तपासताना मुद्दाम मोठा एनटीयू घालून पाहावा, नेहमीच्या आकड्यांवर तपासून समाधान मानू नये.

पाणी निम्मे झाल्यावर

आता स्ट्रेनर तुंबला आणि पाण्याचा प्रवाह मोजणारा रोटामीटर मिनिटाला २५ लिटर दाखवू लागला असे समजू. पाण्याचा दर ३.३६ वरून १.६८ वर आला, हवेचा मात्र २.२१ च राहिला. किमान बाजू बदलली आणि ती आता पाण्याची झाली.

चुकीची शीट येथे काय करते ते पाहण्यासारखे आहे. यूए २.८ तसाच ठेवला तर एनटीयू १.६७, गुणोत्तर ०.७६ आणि परिणामकारकता ०.६३१ येते. परिणामकारकता वाढली, हे बरोबरच आहे. परंतु शीट तीच परिणामकारकता हवेच्या दराला गुणते आणि बाहेरच्या हवेचे तापमान ३२ अधिक ०.६३१ गुणिले ५८, म्हणजे ६८.६ अंश दाखवते. पाणी निम्मे केले आणि हवा जवळजवळ ३ अंशांनी अधिक गरम झाली, असा निष्कर्ष कागदावर उमटतो. हा आकडा पाहून पंपाची वीज वाचवण्यासाठी झडप आणखी आवळण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला दोष देता येत नाही, कारण शीट तेच सांगत असते.

बरोबर मार्गाने उष्णता ०.६३१ गुणिले १.६८ गुणिले ५८, म्हणजे ६१.५ किलोवॅट होते आणि हवा ५९.८ अंशांवर बाहेर पडते. उरलेला एक अंश यूएमध्ये आहे. नळीतील पाण्याचा वेग निम्मा झाला की पाण्याच्या बाजूचा उष्णता-वहनांक प्रवाह खळबळता असताना वेगाच्या ०.८ घाताने, म्हणजे सुमारे ५७ टक्क्यांपर्यंत उतरतो. एकूण उष्णता-रोधातील पाण्याचा वाटा मुळात १५ टक्के धरला, तर एकूण रोध सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो आणि यूए २.५२ वर येतो. मग एनटीयू १.५, परिणामकारकता ०.६०६, उष्णता ५९ किलोवॅट, हवा ५८.७ अंश आणि परतीचे पाणी ५४.९ अंश. डक्टमधील थर्मामीटर जे ५९ अंश दाखवत होता, ते खोटे नव्हते.

यूएची दुरुस्ती एका अंशाची आणि किमान बाजूची दुरुस्ती जवळजवळ नऊ अंशांची, हे प्रमाण ध्यानात ठेवल्यास तपासणीची सुरुवात कोठून करायची हे ठरते. व्यवहारात मात्र उलटे होते. आकडे जुळले नाहीत की सर्वप्रथम यूएवर संशय घेतला जातो, त्यात घाणीचा रोध वाढवून उत्तर ओढूनताणून जुळवले जाते, आणि कॉइल आम्लाने धुण्याचा खर्च मंजूर होतो.

पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेची तुलना येथे थांबून केली पाहिजे. परिणामकारकता ०.५८३ वरून ०.६०६ वर चढली आणि हवा मात्र ६५.८ वरून ५८.७ वर उतरली. यात विसंगती काही नाही. परिणामकारकतेचा छेद हा किमान दरावर ठरतो आणि तो किमान दरच २.२१ वरून १.६८ वर घसरला. लहान झालेल्या कमाल उष्णतेच्या मोठ्या टक्क्यातही कमीच उष्णता मिळते. त्यामुळे दोन वेगळ्या प्रवाहांवरील परिणामकारकता शेजारी शेजारी मांडून कॉइल सुधारली की बिघडली हे ठरवू नये. किलोवॅटची तुलना करावी.

प्रवाहमापक नसताना निदान

अनेक युनिटमध्ये रोटामीटर नसतो, किंवा असतो तो बंद पडलेला असतो. अशा वेळी चार तापमाने पुरतात. बाहेर जाणारी उष्णता नगण्य असेल तर हवेने घेतलेली आणि पाण्याने दिलेली उष्णता सारखीच असते, म्हणून ज्या प्रवाहाचे तापमान अधिक बदलते त्याचा दर कमी, म्हणजे तोच किमान. पहिल्या अवस्थेत हवा ३३.८ अंशांनी बदलली आणि पाणी २२.२ अंशांनी, म्हणून हवा किमान. दुसऱ्या अवस्थेत हवा २६.७ आणि पाणी ३५.१ अंशांनी, म्हणून पाणी किमान. या दोन बदलांचे लहान भागिले मोठे असे गुणोत्तर काढले की `Cr` मिळतो, आणि मोठा बदल ५८ ने भागला की परिणामकारकता मिळते. कोणताही प्रवाह न मोजता एवढे हाती येते.

चुकीची शीट ओळखण्याची सर्वांत सोपी खूणही पाण्याच्या बाजूलाच असते. त्या शीटने ८०.९ किलोवॅट उष्णता धरल्यामुळे परतीचे पाणी ४१.९ अंश दाखवलेले असते, आणि शीटमधील उष्णतेचा ताळमेळ बरोबर बसत असल्यामुळे कोणाला खटकत नाही. प्रत्यक्षात परतीची लाइन ५५ अंशांची असते. ४२ अंशांचा पाइप हाताने धरून ठेवता येतो, ५५ अंशांचा येत नाही, त्यामुळे थर्मामीटर आणण्याआधीच शंका घेता येते. कागदावरच खात्री करायची असेल तर ८०.९ ला शक्य त्या कमाल उष्णतेने, म्हणजे १.६८ गुणिले ५८ बरोबर ९७.४ ने भागावे. उत्तर ०.८३ येते, आणि त्याच एनटीयूला प्रतिप्रवाहाची मर्यादा ०.६७ असताना क्रॉस-फ्लो कॉइलला ०.८३ मिळणे अशक्य आहे.

आता उलट बाजूची बिघाडी पाहू, कारण टॉवेलच्या कामात ती अधिक वेळा होते. टॉवेलचे सुटे तंतू ब्लोअरसोबत येऊन फिनांच्या तोंडावर थर धरतात आणि हवाच कमी होते. हवा २ वरून १.३ घनमीटरवर आली असे धरू. हवेच्या बाजूचा वहनांक वेगाच्या साधारण ०.६ घाताने उतरतो असे मानले, तर यूए २.२४, हवेचा दर १.४४, गुणोत्तर ०.४३ आणि एनटीयू १.५६ येतो. परिणामकारकता ०.६९, बाहेरची हवा ७२ अंश, उष्णता ५७.५ किलोवॅट आणि परतीचे पाणी सुमारे ७३ अंश.

टॉवेल दोन्ही बिघाडांत सारखेच उशिरा वाळतात, कारण उष्णता एकीकडे ५९ आणि दुसरीकडे ५७.५ किलोवॅट आहे. परंतु तापमाने विरुद्ध दिशांना जातात. पाणी तुंबले असेल तर हवा थंड होते आणि पाण्याची तापमान-घट २२ वरून ३५ अंशांवर वाढते. हवा तुंबली असेल तर डक्टमधील हवा उलट अधिक गरम होते आणि पाण्याची घट १७ अंशांवर उतरते. हवा ७२ अंश दाखवते आहे म्हणून कॉइल उत्तम चालली आहे, असे समजणारा पर्यवेक्षक फिन साफ करायला कधीच सांगणार नाही. म्हणून लॉगबुकात केवळ हवेचे तापमान न नोंदवता पाण्याची घटही रोज नोंदवावी.

ऋतूचा परिणाम यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. मे महिन्यात दुपारी कॉइलमध्ये येणारी हवाच ४२ अंशांची असते. प्रवाह तेच राहिले तर परिणामकारकता ०.५८३ च राहते, कारण ती आत येणाऱ्या तापमानांवर अवलंबून नाही. पण फरक ४८ अंशांवर येतो, हवा ७० अंशांवर बाहेर पडते आणि उष्णता सुमारे ६२ किलोवॅट होते. आकडा घटला तरी बिघाड नाही. पाण्याची घटही १८ अंशांवर येते, म्हणून तुंबलेल्या फिनांचा संशय घेण्याआधी ती घट दोन्ही प्रवाहांच्या प्रवेशतापमानांतील फरकाने भागून पाहावी. चांगल्या अवस्थेत ते गुणोत्तर डिसेंबरातही ०.३८ आणि मे महिन्यातही ०.३८ येते. पाणी तुंबल्यावर ते ०.६१ होते, हवा तुंबल्यावर ०.२९.

मोजमाप आणि सूत्राची मर्यादा

वरील सर्व तापमाने सरासरी आहेत, आणि अमिश्रित प्रवाहात सरासरी एका ठिकाणी सापडत नाही. गरम पाणी ज्या बाजूने शिरते त्या बाजूच्या फटींतून येणारी हवा अधिक तापलेली असते आणि पाणी ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूची कमी. कॉइलच्या तोंडाजवळ एका कोपऱ्यात थर्मामीटर खोचला तर कित्येक अंशांचा फरक सहज पडतो, आणि तो कोपरा कोणता यावर चूक वरची की खालची हे ठरते. तोंडावर चौकोनी जाळीसारखे नऊ बिंदू घेऊन सरासरी काढावी, किंवा डक्टचे एक-दोन बाक ओलांडल्यावर हवा मिसळलेली असते तेथे मोजावे. हवेचा वेगही सर्व बिंदूंवर सारखा नसेल तर सरासरी वेगाच्या प्रमाणात काढावी लागते.

सूत्र एकदाच आडव्या जाणाऱ्या प्रवाहासाठी आहे. कॉइल चार ओळींची असेल आणि पाणी मागच्या ओळीत शिरून एकेक ओळ पुढे सरकत हवेच्या प्रवेशाच्या बाजूने बाहेर पडत असेल, तर मांडणी प्रतिप्रवाहाकडे झुकते आणि प्रत्यक्ष परिणामकारकता सूत्रापेक्षा थोडी जास्त मिळते. दुरुस्तीनंतर कोणी पाण्याची आवक आणि जावक उलटी जोडली तर ती समांतर प्रवाहाकडे झुकते. आपल्या आकड्यांवर या दोन टोकांमधील अंतर ०.५३ ते ०.६१, म्हणजे हवेच्या तापमानात सुमारे ५ अंशांचे आहे. शीट दुरुस्त केली, स्ट्रेनर आणि फिन स्वच्छ आहेत, ताळमेळ बसतो आहे, आणि तरीही हवा दोन-तीन अंशांनी सतत कमी मिळते आहे, अशी स्थिती असेल तर हेडरवरील जोडणी कोणत्या दिशेने आहे ते पाहावे.